एक्सट्रूडरची टकटक: स्प्रिंगला हात लावण्याआधी

प्रश्न: थ्रीडी प्रिंटरवर पीएलए फिलामेंट, ०.४ मिमीचं नोझल, २१० अंश, लेयर ०.२८, भिंती ५०, इनफिल १०० मिमी/सेकंद. बोडेन मशीन. दिव्याचा स्टँड छापतोय, खाली अरुंद आणि वर रुंद. अर्ध्यापर्यंत छान जातं, मग एक्सट्रूडर टकटक करायला लागतो, इनफिल फाटकं येतं आणि थोड्या वेळाने भिंतींतही फटी पडतात. गिअरवर पांढरी भुकटी साठते. स्प्रिंग दोन फेरे आवळली, उलट वाढलंच. गिअर बदलू का?

उत्तर: गिअर सध्या राहू द्या आणि स्प्रिंगचे ते दोन फेरे परत सैल करा. पकड कमी पडतेय की पुढून अडतंय, हे आधी ठरवायला हवं. तुमच्या आकड्यांवरून मला अडण्याचाच संशय आहे.

नोझलमधून दर सेकंदाला किती प्लास्टिक जावं लागतं, याचा हिशोब सोपा आहे: लेयरची उंची × रेघेची रुंदी × वेग. रुंदी ०.४५ धरली तर भिंतींना ६.३ घन मिमी लागतात आणि इनफिलला १२.६. साध्या हॉटएंडला ०.४ च्या नोझलमधून पीएलए १० च्या आसपास गेलं की दम लागतो. प्लास्टिक पुरतं वितळत नाही, दाब वाढतो आणि मग मोटर स्टेप चुकवते किंवा गिअर फिलामेंट खरवडतो.

मग सुरुवातीपासून का नाही? अरुंद भागात इनफिलच्या रेघा आखूड असतात. मशीन वेग घेईपर्यंत वळण येतं, त्यामुळे १०० चा वेग कागदावरच राहतो. मॉडेल रुंदावलं की रेघा लांबतात आणि खरा प्रवाह पहिल्यांदा १२ पर्यंत चढतो. पुढे भिंतीही बिघडतात, कारण तोवर फिलामेंटला खळगा पडलेला असतो आणि गिअरचे दात भुकटीने बुजलेले असतात. म्हणून कोणताही बदल करण्याआधी दात ब्रशने साफ करा आणि खरवडलेला तुकडा कापून टाका. नाहीतर दुरुस्ती बरोबर असूनही चुकीची वाटेल.

आता तपासणी. नोझल हवेत उचला, एक्सट्रूडरच्या तोंडापासून १२० मिमीवर फिलामेंटला खूण करा आणि हे पाठवा:

```
M83
M109 S210
G1 E100 F125
```

खूण तोंडापासून २० मिमीवर थांबली पाहिजे. १.७५ च्या फिलामेंटला F125 म्हणजे सुमारे ५ घन मिमी, F200 म्हणजे ८, F250 म्हणजे १० आणि F300 म्हणजे १२. दर वेळी नवी खूण करून चारही वेगांवर मोजा. माझ्या बोडेन मशीनवर F200 पर्यंत पूर्ण १०० मिमी गेलं, F250 ला ९७ आणि F300 ला टकटकीसह ८९. तसंच आलं तर दोष प्रवाहाचा आहे. स्लायसरमध्ये `Max volumetric speed` ७ किंवा ८ ठेवा. हवेत सोडताना खालच्या थराचा अडथळा नसतो, म्हणून चाचणीतल्या मर्यादेच्या खालीच राहायचं. तापमान ५-१० अंश वाढवूनही थोडी मदत होते.

F125 लाच कमी भरलं तर गोष्ट वेगळी. लिव्हर दाबून हाताने फिलामेंट ढकला. जोर लागत असेल, किंवा बाहेर येणारी तार एका बाजूला वळून नोझललाच चिकटत असेल, तर अर्धवट चोंदलंय. पीएलए गरम करून ९० अंशांच्या आसपास थंड होऊ द्या, मग एका झटक्यात ओढून काढा. टोकावर काळे कण दिसले तर ते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा. बोडेनमध्ये टेफ्लॉनची नळी नोझलला टेकलेली नसेल तर फटीत प्लास्टिकची गुठळी जमते, तीही बघा.

हाताने सहज जातं, पण गिअरने जात नाही, तेव्हाच पकडीकडे वळा. फिलामेंटवर दातांचे ठसे स्पष्ट पण उथळ हवेत. ते चपटं होऊन बाहेर पडत असेल तर स्प्रिंग जास्त आवळलेली आहे. असं चपटं फिलामेंट नळीत घासतं, म्हणूनच तुमचं वाढलं असावं. प्लास्टिकचा लिव्हर काढून खालून पाहा. माझ्या एका मशीनचा लिव्हर पिव्होटजवळ तडकला होता आणि मी महिनाभर स्प्रिंगवर राग काढत होतो. गिअरच्या मधल्या पट्ट्यात दात नखाला टोचत नसतील तर तो झिजलाय. पितळी गिअरवरून कार्बन फायबर किंवा अंधारात चमकणारं फिलामेंट बरंच गेलं असेल तर हे लवकर होतं. गिअर आणि शाफ्टवर मार्करने एकच रेघ ओढून चालवा. रेघ तुटली तर गिअर शाफ्टवर घसरतोय, आतला छोटा स्क्रू आवळा.

एक शक्यता उरते: हीट क्रीप, म्हणजे उष्णता वर चढून फिलामेंट थंड भागातच मऊ होणं. स्लायसरमध्ये मॉडेल कापून फक्त वरचा रुंद भाग छापा. रुंद थरांचं इनफिल सुरू होताच टकटक झाली तर प्रवाह. आधीइतकाच वेळ गेल्यावर झाली तर हॉटएंडचा पंखा बघा आणि चाचणीचे आकडे इथे टाका.