स्वागताचं भाषण आणि कॅन्टीनचं कूपन

“सोमवारी आमच्याकडे सहा इंटर्न येताहेत. स्वागताचं भाषण माझ्यावर आलंय. चार पानं लिहिली, पण उभं राहायच्या कल्पनेनंच हातपाय गार पडतात. काय करू?”

फोंड्याच्या या बाई वेर्ण्यातल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत वरिष्ठ आहेत. (परवानगीनं लिहितोय, ओळख पटेल ते बदलून.) मी ती चार पानं वाचली. अडीच पानं कंपनीचा इतिहास, उरलेल्यात नियम आणि ‘माझं दार सदैव उघडं आहे’.

मी विचारलं, “तुमच्या पहिल्या दिवसाचं भाषण आठवतं?”

आठवेना. आठवलं ते वेगळंच. कॅन्टीनला कूपन लागतं हे कुणी सांगितलं नाही, विचारायची लाज वाटली, म्हणून दिवसभर बिस्किटांवर काढला. सांगताना हसल्या, मग गप्प झाल्या.

नव्या जागी जीव धास्तावलेला असला की कान फक्त कामाचंच टिपतात: जेवायचं कुठं, विचारायचं कुणाला, चुकलं तर काय. बाईंची भीती होती आपण कसं दिसू याची. ती मुलांच्या भीतीकडे वळली तशी पानं आपोआप कमी झाली. इतिहास आधी गेला. तो महिन्याभरानं सांगितला तरी चालतो.

चुकांवर मात्र आम्ही बराच वेळ बसलो. मूळ वाक्य होतं, ‘नोंदी अचूक ठेवा’. हे ऐकून मूल चूक लपवायला शिकतं, आणि औषधाच्या प्रयोगशाळेत लपवलेली चूक सगळ्यात महाग. नवं असं झालं:

“वहीत आकडा चुकेल. माझाही चुकतो. व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. मग मला सांगा. सांगितल्याबद्दल ओरडा बसणार नाही.”

हे बोलताना त्यांनी स्वतःच्या वहीतलं तसं खोडलेलं पान दाखवायचं ठरवलं. ही कल्पना त्यांचीच.

उघड्या दारावर माझा विश्वास नाही. पहिल्या आठवड्यात त्या दारातून कुणी आत येत नाही. त्याऐवजी त्यांनी म्हटलं, “चार वाजता मीच तुमच्या टेबलाशी येईन. कोंकणीत विचारा, मराठीत विचारा.” कूपन कुठं मिळतं ते सांगून पहिलं प्रत्येकाच्या हातात ठेवायचं, आणि रोजच्या शंका ज्याला विचारायच्या त्या सहकाऱ्याला तिथंच उभं करायचं, म्हणजे चेहरा लक्षात राहतो.

घरी मोठ्यानं वाचलं तर सात मिनिटं भरली. हात तरीही गार पडले, म्हणून पहिली दोन वाक्यं तेवढी पाठ करायला लावली.

भाषण लागू पडलं की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही, चार वाजताच्या प्रश्नांवरून कळतं. ‘काही शंका नाही’ असं सगळेच म्हणाले तर ओळखावं, अजून घाबरलेत. मंगळवारी बाईंचा फोन आला. एका मुलीनं विचारलं होतं, “मॅडम, पणजीहून साखळीची बस चुकते, दहा मिनिटं आधी निघू?” दुसऱ्यानं वही पुढं केली. रेघ एकच होती, तारीख राहिली होती.