रेझ्युमेतली कामं ठसठशीत कशी लिहायची?

प्रश्न: उद्यमबागेत फाउंड्रीत क्वालिटीला आहे, जॉब बदलायचाय. रेझ्युमेत काम भरपूर लिहिलंय पण वाचताना सगळं ढिसाळ वाटतंय, काय करू?

उत्तर: तुमची ओळ बहुतेक अशी असणार बघा, 'कास्टिंगचे रिजेक्शन कमी करण्याच्या दृष्टीने विविध उपाययोजना राबविण्यात आल्या व त्यात सक्रिय सहभाग होता.' आता ह्यात केलं कुणी, काय केलं, काहीच कळत नाही की, सरकारी जीआर वाचल्यासारखं वाटतंय. 'करण्यात आले', 'सहभाग होता', 'जबाबदारी होती' हे सगळं काढून टाका आणि तुमच्या हातानं झालेलं काम क्रियापदात आणा:

'दर शिफ्टला वाळूतला ओलावा तपासला. ओलावा जास्त आला की मोल्डिंग थांबवलं. ब्लोहोलचं रिजेक्शन ८ टक्क्यांवरून ५ वर आलं.'

आकडे नमुन्याला दिलेत, तुमचे रजिस्टरमधले टाका, नसतील तर आकडा सोडा पण 'लक्षणीय घट' लिहू नका. शेवटी 'आलं' का, 'आणलं' का नाही? कारण त्यात मोल्डरचा, मेल्टिंगवाल्यांचाही हात असतो, एकट्यानं 'आणलं' म्हणालात तर इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला अडकताय. तपासलं, थांबवलं, सुपरवायझरला दाखवलं, जे खरंच तुम्ही केलं तेच क्रियापद.

आणि एका वाक्यात दोन 'व' आले की तोडा. इंग्रजीत लिहिताना पण हेच, 'वॉज रिस्पॉन्सिबल फॉर' नको, सरळ 'चेक्ड', 'स्टॉप्ड'नं सुरू करा.