डॅशबोर्डसोबतची नोट कशी लिहावी? फाउंड्रीतल्या एका जुलैचा नमुना

प्रश्न: कोल्हापुरात एका फाउंड्रीत एमआयएस बघतो. दर महिन्याला डॅशबोर्ड सगळ्या विभागप्रमुखांना मेल करतो, पण कुणी उघडत नाही आणि मीटिंगमध्ये आकड्यांवरून भांडणं होतात. साहेब म्हणाले, सोबत एक छोटी नोट जोड, तीन महत्त्वाच्या गोष्टी आणि एक सावधगिरी लिही. ती नेमकी कशी लिहायची?

उत्तर:

मीही याच धंद्यातला, शिरोलीच्या बाजूला प्लॅनिंग आणि एमआयएस बघतो. त्यामुळे फाउंड्रीचाच एक जुलै घेऊन सांगतो. आकडे नमुन्याचे आहेत, समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

समजा जून आणि जुलै दोन्ही महिन्यांत ५०० टन कास्टिंग ओतलं. जूनमध्ये २३ टन रिजेक्ट झालं, जुलैत साडेतीस टन. म्हणजे रिजेक्शन ४.६ टक्क्यांवरून ६.१ वर गेलं. डॅशबोर्डवर हा चौकोन लाल होतो. त्याच्या शेजारी 'चांगल्या कास्टिंगच्या टनामागे वीज' हाही लाल होतो, कारण ती ९८५ युनिटवरून १००१ वर गेली. आणि वेळेवर डिस्पॅच ९२.५ वरून ८५ टक्क्यांवर आलं, तोही लाल. बहुतेक जण इथेच थांबतात आणि तीन लाल चौकोनांची तीन वाक्यं करून पाठवतात. मग मीटिंगमध्ये मोल्डिंगवाला कोअर शॉपवर ढकलतो, मेल्टिंगवाला म्हणतो माझी भट्टी ठीक आहे, आणि तासभर त्यातच जातो.

मेल्टिंगवाल्याचं खरं आहे, हे आधी बघा. दोन्ही महिन्यांत वितळवलेला धातू ७७० टन (रनर-रायझर धरून) आणि भट्टीची वीज ४ लाख ७० हजार युनिट. म्हणजे वितळलेल्या टनामागे ६१० युनिट, जूनमध्येही आणि जुलैतही. भट्टी जागची हललेली नाही. जूनमध्ये चांगलं कास्टिंग ४७७ टन निघालं, जुलैत ४६९.५ टन. तीच वीज कमी मालावर वाटली गेली म्हणून १००१ दिसतंय. हा दुसरा निष्कर्ष नाहीच, पहिलाच निष्कर्ष वेश बदलून आलाय. डॅशबोर्डवरचे निम्मे लाल चौकोन असे एकमेकांचे नातेवाईक असतात. नोट लिहायला बसण्याआधी प्रत्येक लाल आकड्याला एकच गोष्ट विचारा: याला ज्या आकड्यानं भागलंय, तो कुणामुळे बदलला?

म्हणून मी या महिन्याच्या तीन गोष्टींत 'भट्टीची वीज बदललेली नाही' ही एक गोष्ट मुद्दाम घेईन. काही बदललं नाही हे सांगणं निरर्थक वाटतं, पण लाल चौकोन बघून सगळे ज्या माणसाकडे बोट दाखवणार आहेत, त्याचा निकाल त्या एका ओळीत लागतो.

आता रिजेक्शन. '६.१ टक्के झालं' एवढंच लिहून कोअर शॉपवाल्याच्या हातात काही येत नाही. दोषवार फोडून बघा. वाढ साडेसात टनांची आहे आणि त्यातले ६ टन एकट्या ब्लो होलचे, तेही कोअर असलेल्या मालातले (जूनमध्ये ४ टन, जुलैत १०). सँड इन्क्लूजन, मिसमॅच, कोल्ड शट यांत किरकोळ फरक. लगेच सगळे म्हणतील, 'पाऊस आहे हो, दर वर्षीचंच.' कोल्हापूरचा जुलै आपल्याला माहीतच आहे, हवेतली ओल कोअर शोषून घेतो आणि ओतताना ती गॅस होऊन धातूत अडकते. यात खोटं काही नाही. म्हणून तुलना फक्त जूनशी करू नका, गेल्या जुलैशीही करा. गेल्या जुलैत रिजेक्शन ४.९ असेल, तर पाऊस हे पूर्ण उत्तर नाही. तेवढाच पाऊस तेव्हाही होता.

नोट पाठवायच्या आदल्या दिवशी कोअर शॉपच्या प्रमुखांकडे जाऊन या. दोन कारणं आहेत. एक तर आपल्या विभागाची वाईट बातमी आठ जणांच्या मेलमध्ये पहिल्यांदा वाचायची वेळ कुणावर आणू नये. दुसरं म्हणजे तिथे उभं राहिलं की जे दिसतं ते एक्सेलमध्ये नसतं. रॅक शटरच्या तोंडाशी असतो, कोअरवर खडूनं तारीख टाकलेली असते, आणि शनिवारी केलेला कोअर मंगळवारी साच्यात बसताना दिसतो. मग ब्लो होलचा माल कोअरच्या तारखेनुसार वेगळा करून बघता येतो. समजा १० टनांपैकी ७ टन दोन दिवसांहून जुन्या कोअरचा निघाला. एवढ्यावर उडी मारू नका. एकूण मालात असे जुने कोअर किती वापरले गेले तेही काढा. पाऊण माल जुन्या कोअरचाच असेल, तर ७ टनांत नवल काही नाही. पाव मालच जुन्या कोअरचा असेल, तर मात्र धागा हाती लागला. तरीही नोटमध्ये 'कारण' असं लिहायचं नाही, 'तपासायचं' असं लिहायचं. कारण शोधणं त्या विभागाचं काम आहे, आणि त्यांनी शोधलं तरच ते टिकतं.

डिस्पॅचचं थोडक्यात. ४० शेड्यूल होती, जूनमध्ये ३७ वेळेवर गेली, जुलैत ३४. इथे टक्के लिहूच नका. चाळिसात एक शेड्यूल म्हणजे अडीच टक्के, त्यामुळे एक ट्रक अडकला तरी आकडा धाडकन पडल्यासारखा दिसतो. 'उशिरा गेलेल्या सहापैकी चार शेड्यूल फेटलिंगला पडून होती' असं लिहिलं की कुणी वाद घालत नाही, सगळे फेटलिंगच्या ढिगाकडे बघतात.

खरी गोम सावधगिरीत आहे. आपल्याकडे लोक 'आकडे तात्पुरते आहेत, चूकभूल द्यावी घ्यावी' असं खाली लिहून मोकळे होतात. अशी ओळ म्हणजे प्रत्येकाला दिलेली पळवाट. ज्याला जो आकडा नको, तो तिच्या आधारे बाजूला सारतो. माझी कसोटी साधी आहे: तीच ओळ जशीच्या तशी पुढच्या महिन्यात चालणार असेल, तर ती काढून टाका. सावधगिरीत चार गोष्टी लागतात. कोणता आकडा कच्चा आहे, का, तो कोणत्या बाजूला सरकेल आणि कधी पक्का होईल.

आपल्या उदाहरणात कच्चा आकडा रिजेक्शनचा आहे. ६.१ टक्के म्हणजे फक्त आपल्या गेटच्या आत सापडलेलं. ब्लो होल बऱ्याचदा कातडीखाली असतो. शॉट ब्लास्ट करून, रंग मारून माल जातो, आणि ग्राहकाकडे मशिनिंगला टूल लागलं की भोक उघडं पडतं. तिथून डेबिट नोट यायला तीन ते सहा आठवडे लागतात आणि ती ज्या महिन्यात येते त्याच महिन्याच्या खात्यात बसते. त्यामुळे डॅशबोर्डवर जुलैचं एकूण रिजेक्शन ७.३ दिसतं. त्यातले १.२ टक्के, म्हणजे ६ टन, ग्राहकाकडून परत आलेला माल आहे. त्यावरचे हीट नंबर वाचलेत तर तो मे-जूनमध्ये ओतलेला निघतो. म्हणजे ७.३ या आकड्यात दोन वेगळ्या ऋतूंतला माल एकत्र केलाय, आणि जुलैत ओतलेल्या मालाचा परतावा अजून यायचाच आहे. जुलैत ब्लो होलच वाढलेत, म्हणून हा आकडा खाली येण्यापेक्षा वर जाण्याची शक्यता जास्त. हे शेवटचं वाक्य लिहायला लोक कचरतात, पण सावधगिरीचा सगळा उपयोग त्यातच आहे. नाहीतर वाचणारा धरून चालतो की 'तात्पुरते' म्हणजे नंतर कमी होणार.

आणि ही सावधगिरी कशाला लागू नाही तेही सांगा. वीज मीटरवरून येते, डिस्पॅच गेट पासवरून. ते आकडे पक्के आहेत.

एवढं झाल्यावर नोट अशी होते:

विषय: जुलै डॅशबोर्ड – ब्लो होल वाढले, भट्टीची वीज जूनइतकीच

सर्व विभागप्रमुख,
जुलैचा डॅशबोर्ड सोबत आहे.

१. घरातलं रिजेक्शन ६.१ टक्के (जून ४.६, गेला जुलै ४.९). साडेसात टन वाढीपैकी ६ टन कोअर असलेल्या मालातले ब्लो होल. तपासायचं: दोन दिवसांहून जुने कोअर. कोअर शॉप आणि क्वालिटी, १२ तारखेपर्यंत.

२. ४० पैकी ६ शेड्यूल उशिरा (जूनमध्ये ३). त्यातली ४ फेटलिंगला पडून होती.

३. भट्टीची वीज वितळलेल्या टनामागे ६१० युनिट, जूनइतकीच. चांगल्या टनामागचा आकडा वाढलेला दिसतो तो रिजेक्शनमुळे.

सावधगिरी, फक्त क्र. १ साठी: जुलैत ओतलेल्या मालाचा ग्राहकाकडचा परतावा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येत राहील. आकडा वाढण्याची शक्यता जास्त. डॅशबोर्डवरच्या ७.३ मधला परतावा मे-जूनच्या मालाचा आहे, तो जुलैवर धरू नये. क्र. २ आणि ३ पक्के आहेत.

ही नोट मेलच्या अंगातच लिहा, वर्ड फाइल करून जोडू नका. निम्मे प्रमुख शॉप फ्लोअरवर मोबाइलवर वाचतात, आणि हातमोजा काढून फाइल कोण उघडतंय. व्हॉट्सॲप ग्रुपवरही हाच मजकूर टाका, वेगळा करू नका. दोन ठिकाणी दोन शब्दरचना झाल्या की त्यावरूनही वाद होतो. नावं लिहू नका, विभाग लिहा. तारीख मात्र लिहाच.

सप्टेंबरच्या मध्यानंतर परत आलेला माल हीट नंबरनुसार जुलैच्या खात्यात टाका आणि पुढच्या नोटमध्ये तीन निष्कर्षांच्या वर एक ओळ द्या: 'जुलैचं रिजेक्शन तेव्हा ६.१ कळवलं होतं, परताव्यासह आता इतकं झालं.' हीट नंबर वाचता येत नसलेला माल त्यात धरू नका, तो किती टन आहे ते वेगळं लिहा. आमच्याकडे रंगाखाली नंबर बुजलेला माल बराच निघतो, आणि तो कुठल्या महिन्यावर टाकायचा हे क्वालिटीवाल्यांनाच ठरवू द्या.