पळसाच्या चित्राची प्रिंट काढण्यापूर्वी

आपल्या नागपूरकडच्या पळसाचा केशरी रंग छपाईत हमखास मळकट होतो, कारण साध्या चार रंगांच्या शाईला तेवढा तेजस्वी केशरी गाठता येत नाही. म्हणून पिगमेंट शाईची, जास्त रंगांची इंकजेट छपाई निवडा, आणि संपूर्ण प्रत काढण्यापूर्वी फुले, सावली व आकाश एकत्र येतील अशी चार इंची पट्टी त्याच कॉटन कागदावर छापून घ्या. ती एक दिवस वाळल्यावर मूळ चित्राशेजारी खिडकीच्या उजेडात धरून पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली केलेली तुलना फसवी असते. सावल्या बुजल्या असतील, तर फाइलमध्ये त्या थोड्या उजळा आणि पुन्हा पट्टी काढा. ए-२ आकारासाठी फाइल साधारण ४९६० बाय ७०१६ पिक्सेलची हवी.

मर्यादित आवृत्ती ५० प्रतींची ठरवली, तर पेन्सिलीने ७/५० असा क्रमांक व सही करा आणि ५१वी प्रत कधीही काढू नका. आधीच्या ग्राहकांशी तो करार आहे.

पाठवताना ग्लासिन कागद चित्रावर ठेवून प्रत सैल गुंडाळा. नळी किमान तीन इंच व्यासाची आणि प्रतीपेक्षा थोडी लांब असावी, म्हणजे कडा दुमडत नाहीत.