रजेच्या अर्जात 'वैयक्तिक कारण' कुठवर चालतं?

प्रश्न: फॅमिली कोर्टात डिव्होर्सची केस सुरू झालीय. दर महिन्याला एखादी तारीख लागते. दोनदा अर्जात 'वैयक्तिक कारण' लिहून सुट्टी मिळाली, आता मॅनेजर म्हणतात नेमकं काय ते लिहा. ऑफिसात हे कुणाला कळू द्यायचं नाहीये. सांगावंच लागतं का?

उत्तर:

मी बरीच वर्षं एचआरमध्ये काढलीत, त्यात अशा केसेस बऱ्याच बघितल्या. डिव्होर्स हा शब्द तुम्हाला कुठेही लिहावा लागत नाही, पण नुसत्या 'वैयक्तिक कारणा'वर वर्षभर निभावणंही कठीण आहे.

मॅनेजर कारण विचारतात तेव्हा ते कळल्याने त्यांचा कुठला निर्णय बदलणार आहे, हे आधी बघायचं. एका दिवसाची सीएल आहे, शिल्लक आहे, आधी सांगितलीय, त्या दिवशी कामाचं काही अडत नाही, तर कारण कळून काहीच बदलत नाही. तिथे 'वैयक्तिक' पुरेसं आहे आणि चांगला मॅनेजर पुढे विचारतही नाही.

तुमची गोष्ट वेगळी होते ती आकड्यांमुळे. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 सीएल आहेत आणि त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात, म्हणजे तीन महिन्यांना 2. तुमची तारीख दर महिन्याला, म्हणजे तीन महिन्यांत 3. प्रत्येक तिमाहीत एक सुट्टी कमी पडणारच, मग ईएल टाकावी लागेल आणि तीही संपली की बिनपगारी. (तुमच्या कंपनीत सीएल जास्त असतील तर हा प्रश्न थोडा उशिरा येईल एवढंच.) हक्काची शिल्लक संपल्यावर जी सुट्टी मागता ती देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर असतं, मग तिथे ते कारण विचारणार आणि ते रास्तच आहे. शिवाय दर महिन्याला कामाच्या दिवशी एक दिवस गायब आणि कारण काही नाही, असं दिसलं की मॅनेजरला पहिला संशय इंटरव्ह्यूचा येतो. मला वाटतं तुमच्याकडे तेच झालंय.

मॅनेजरला लागतं काय, तर हे किती दिवस चालणार, पुढची सुट्टी कधी, आणि पुढे ढकलता येईल का. केस कशाची, हे त्यात कुठेच नाही. म्हणून असं लिहा:

"मंगळवारी एका कायदेशीर कामासाठी मला स्वतः हजर राहणं आवश्यक आहे. यापुढेही साधारण महिन्यातून एकदा अशी तारीख लागेल. पुढची तारीख कळेल त्याच दिवशी कळवेन. त्या दिवसाचं काम आधी सोपवून जाईन."

'वकिलाला पाठवा ना' असं कोणी म्हणालं तर त्याचं खरं उत्तर तुमच्याकडे आहे. फॅमिली कोर्टात वकिलामार्फत बाजू मांडणं हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते, आणि समुपदेशनाच्या तारखेला तर तुम्हीच लागता. पण हे बोलताना 'फॅमिली कोर्ट' म्हणायची गरज नाही, 'मी स्वतः लागतो' एवढं बस. त्याच कोर्टात कोणत्याही एका बाजूने मागणी केली तर सुनावणी बंद खोलीत घ्यावी लागते, म्हणजे या बाबतीत माणसाला खासगीपणा हवा असतो हे कायद्यालाही मान्य आहे, तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

पुरावा मागितला तर? बिनपगारी किंवा ऐनवेळची सुट्टी असेल तर मागू शकतात. तेव्हा ई-कोर्ट्सचा स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात दोघांची नावं आणि केसचा प्रकार सगळं दिसतं. कोर्टातल्या डिव्होर्सच्या अर्जाची प्रत तर अजिबात नको. वकिलाच्या लेटरहेडवर 'अमुक तारखेला यांनी कोर्टात हजर राहणं आवश्यक आहे' एवढं दोन ओळींचं पत्र घ्या. ते पुरत नाही, केसचे कागदच दाखवा असा हट्ट झाला, तर ती मागणी रजेच्या निर्णयाच्या बाहेरची आहे, तिथे नम्रपणे नाही म्हणा आणि तेही मेलवर म्हणा.

पोर्टलवरच्या कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक'च राहू द्या, कारण तो रकाना मॅनेजर, एचआर, पगाराचं बघणारे, असे बरेच जण उघडतात. वरचा मजकूर मॅनेजरना वेगळ्या मेलवर द्या आणि 'हे आपल्यातच राहू द्या' असं स्पष्ट लिहा.

एक मात्र करू नका, आजारी आहे किंवा घरात कोणी गेलं असं खोटं लिहू नका. सिक लीव्हला डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं की अडकाल, आणि खोटं कारण देऊन सुट्टी घेतली म्हणून कारवाई होऊ शकते. 'वैयक्तिक' लिहिलं म्हणून फार तर सुट्टी नाकारतील. ऑफिसात डिव्होर्स लपवायला म्हणून लोक खोटं कारण देतात आणि मग चौकशीत सगळंच बाहेर येतं, असं माझ्यासमोर झालंय.

केस परस्पर संमतीची आहे की लढतीची, ते कळवा. संमतीची असेल तर कोर्टातल्या दोन अर्जांच्या मधली 6 महिन्यांची मुदत, जी कोर्ट माफही करू शकतं, आणि मोजक्या तारखा, मग मॅनेजरना अंदाजे शेवट सांगता येईल. लढतीची असेल तर शेवट सांगू नका, फक्त पुढची तारीख सांगत राहा.