टेम्प्लेट मराठीत केलं आणि कर्जाची बेरीज शून्य झाली

प्रश्न: सोसायटीच्या एक्सेल टेम्प्लेटमधली शीटची नावं आणि रकान्यांची शीर्षकं मराठीत केली. आता फिटलेल्या कर्जाची बेरीज ० येते. काय चुकलं?

उत्तर: नावं बदलल्याने हे झालेलं नाही. टॅबवर डबल-क्लिक करून `Loans` चं 'कर्ज खाते' केलंत, की साध्या सूत्रांतलं नाव एक्सेल स्वतःच बदलतं. पण अवतरणचिन्हांतला मजकूर ते बदलत नाही. रकान्यात तुम्ही `Paid` च्या जागी 'फिटले' लिहिलं असणार, आणि सूत्र अजून `Paid` च शोधतंय. जुळणारी ओळ सापडत नाही म्हणून ० येतो, चूक मात्र दाखवली जात नाही. ताळेबंदाच्या वेळी हाच शून्य महागात पडतो. सूत्र असं करा:

```
=SUMIF('कर्ज खाते'!C:C,"फिटले",'कर्ज खाते'!D:D)
```

`SUMIF` इंग्रजीतच ठेवा. एकाने 'फिटले' आणि दुसऱ्याने 'फिटलं' लिहिलं, तर ती ओळ पुन्हा सुटेल. म्हणून त्या रकान्याला ड्रॉपडाउन लावा आणि त्याची यादीही मराठीत करा.

कुठे `#REF!` दिसलं, तर तिथे `INDIRECT` आहे का बघा. त्यातलं शीटचं नाव हातानेच बदलावं लागतं. मूळ इंग्रजी फाइल जपून ठेवा. दोन्हींत तेच दहा सभासद भरून बेरजा ताडून बघा.