२००० टनांच्या ढिगातून नमुना किती ठिकाणचा घ्यावा?

प्रश्न: डिचोलीकडच्या एका साठ्यातून लोहखनिजाचे २००० टन फाइन्स उचलणार आहोत, १० मिमीच्या आतला माल. लॅबवाले म्हणतात, दोन किलो नमुना आणून द्या. ढिगाच्या १० ठिकाणचा माल घेऊन एकत्र केला तर चालेल का? की ४० ठिकाणचा घ्यावा?

उत्तर:

नमस्कार. तुमचा ‘१० की ४०’ हा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. हाच प्रश्न मी एकदा विचारला होता, ४० असं उत्तर स्वतःच देऊन मोकळा झालो होतो, आणि त्यात चांगलाच बुडालो होतो. मी काही भूगर्भशास्त्रज्ञ नाही. आधी नमुने काढायची नोकरी केली, मग थोडा व्यापार केला, एवढाच माझा अधिकार. करार मोठा असेल तर माणूस नेमा.

पिशव्या स्वच्छ हव्यात, नावं लिहिलेली हवीत वगैरे सोडून देतो.

आमचा ढीग साखळी गावाच्या बाजूला होता, दोन पावसाळे खाल्लेला. मी दोन पोरं घेऊन गेलो आणि ढिगाला प्रदक्षिणा घालत फावड्याने ४० ठिकाणचा माल काढला. लोखंड ५८.१ टक्के आलं. करार ५७ वर केला. बार्ज भरताना समोरच्या पार्टीच्या माणसाने काढलेला नमुना ५५.९ निघाला. दंड, वाद, आणि पुढचा माल नाकारला तो वेगळाच.

चूक आकड्यात नव्हती, जागेत होती. माझे चाळीसच्या चाळीस नमुने ढिगाच्या पायथ्याचे, हात पोचेल तिथले. टिप्पर ओततो तेव्हा जाड खडे घरंगळत खाली येतात आणि बारीक माल पोटात राहतो. आपल्याकडच्या मालात जाड कडक खड्यात लोखंड जास्त, तर बारकाव्यात चिकणमाती, म्हणजे अ‍ॅल्युमिना आणि सिलिका. त्यात पावसाने वरच्या थरातली माती धुऊन नेलेली. म्हणजे मी दोन्ही बाजूंनी ढिगाचा सजवलेला चेहराच लॅबला नेऊन दाखवला. ४० च्या जागी ४०० उचलले असते तरी ५८ च आलं असतं, फक्त माझी खात्री वाढली असती.

हे ओळखता येतं, आणि तेही फुकटात. एक मिमीची चाळणी घ्या. माझ्या नमुन्यात एक मिमीखालचा माल पाव हिस्सा होता, भरलेल्या टिप्परात जवळजवळ निम्मा. ही तपासणी मी नंतर केली. आधी केली असती तर हे उत्तर लिहायला बसलोच नसतो.

म्हणून माझं ठाम मत: उभ्या ढिगातून करारासाठी नमुना काढूच नका. लोहखनिजाचं आयएसओ ३०८२ हे मानकही ढीग किंवा जहाज जागेवरच टोचून नमुना घ्यायला मान्यता देत नाही, कारण तळापर्यंतचा अख्खा उभा स्तंभ काढता येत नाही. माल हलत असताना घ्या. धक्क्यावर पट्टा असेल तर उत्तम: पट्ट्यावरून पडणाऱ्या धारेचा पूर्ण रुंदीचा छेद घ्यायचा, आणि भांड्याचं तोंड सर्वांत मोठ्या खड्याच्या निदान तिप्पट हवं. तुमच्या मालाला ३० मिमी. त्याहून अरुंद तोंडावरून मोठे खडे उडून बाहेर जातात.

पट्टा नसेल तर टिप्पर. आता उचलींची, म्हणजे किती वेळा माल काढायचा त्याची, संख्या.

n = (2σ/β)²

σ म्हणजे एका उचलीपासून दुसऱ्या उचलीपर्यंत लोखंडाची टक्केवारी साधारण किती हलते ते, आणि β म्हणजे तुम्हाला चालणारी चूक, अधिक-उणे. σ २ धरला (मानकात २ किंवा त्याहून जास्त म्हणजे ‘मोठी’ चढउतार) आणि अर्धा टक्का चूक चालत असेल, तर ६४ उचली लागतात. तुमच्या १० उचलींत चूक अधिक-उणे १.३ टक्के जाते, ४० मध्ये ०.६ च्या आसपास. चूक निम्मी करायला उचली चौपट लागतात, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे पैसे वाया जातात. सूत्रात टन कुठेच नाहीत हेही बघा. माल तितकाच मिसळलेला असेल तर ५०० टनांना आणि ५००० टनांना ६४ च. मोठ्या मालात पैसा जास्त गुंतलेला असतो, म्हणून आपण β कमी मागतो आणि संख्या वाढते.

२००० टन म्हणजे १० टनी २०० टिप्पर. दर तीन टिप्परांमागे एक उचल धरा, ६६ च्या आसपास होतात. पण डोळे मिटून दर तिसरा टिप्पर घेऊ नका. खेपा मारणारे नऊ टिप्पर असतील तर तेच तीन टिप्पर दर वेळी तुमच्या वाट्याला येतील, आणि दुपारपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांना ते कळलेलं असेल. तिनांच्या प्रत्येक गटात चिठ्ठी टाका. टिप्परच्या माथ्यावरून घेऊ नका. ओतल्यावर त्या ढिगाला फावड्याने छेद द्या आणि ताज्या कापावरून वरपासून खालपर्यंत पट्टी काढा, प्रत्येक वेळी दोनेक किलो, सारखंच वजन.

σ कुठून आणायचा? एक उचल ‘अ’ पिशवीत, पुढची ‘ब’ पिशवीत, असं आलटून पालटून टाका आणि दोन्ही वेगळ्या तपासा. मी सहा लॉटांत असं केलं. अ आणि ब मधला सरासरी फरक ०.५ निघाला. त्याला १.१२८ ने भागलं की ०.४४, प्रत्येक पिशवीत ३३ उचली, म्हणून ३३ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५.७४ ने गुणलं: σ २.५. यात कुटण्या-वाटण्याची आणि लॅबची चूकही मिसळलेली असते, पण व्यवहाराला पुरतं. २.५ धरला तर ६४ नव्हे, १०० उचली लागतात, म्हणून मी आता दर दोन टिप्परांमागे एक घेतो. सगळं एकाच पिशवीत एकत्र केलं तर फक्त सरासरी मिळते, ती किती डळमळीत आहे ते कधीच कळत नाही.

आणि लॅब. मी रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा एका कार्यालयात तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला तिथल्या साहेबांनी तळाची बारीक ओळ बोटाने दाखवली: नमुना आम्ही काढलेला नाही, निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता. ओळ खरीच होती. पण पैसे भरताना ‘दोन किलो आणा, बस’ म्हणणाऱ्याने ‘कुठून काढलात?’ एवढं विचारलं असतं तर! असो.

१३० किलोचे दोन किलो करताना घमेल्याच्या वरून पिशवी भरू नका. सगळं कुटून ताडपत्रीवर सारख्या जाडीचा आयत पसरा, २० चौकोन आखा आणि प्रत्येकातून सपाट पळीने तळापर्यंत एक घास घ्या.

ओलाव्याचा नमुना वेगळा, लगेच हवाबंद. लोखंडाची टक्केवारी सुक्या मालावर सांगतात आणि वजन ओल्या मालाचं होतं, तेव्हा जूनमध्ये बार्ज भरणार असाल तर १०५ अंशांना वाळवून काढलेला ओलाव्याचा आकडा करारात कुणाचा धरायचा ते आधी लिहून घ्या. माझं त्यावरून दुसरं भांडण झालं होतं, ते पुन्हा कधीतरी.